निकालाआधी नो ड्यूज: सह्या नंतर, आधी नोंदी साफ करा

शेवटचा पेपर झाला की नो ड्यूजचा, म्हणजे तुमच्याकडे कुठल्याच विभागाचं काही बाकी नाही असं सह्यांनी दाखवणारा फॉर्म घ्यायचा आणि एका दिवसात सगळ्या सह्या गोळा करून मोकळं व्हायचं, असा बहुतेकांचा प्लॅन असतो आणि तो बहुतेकांचा फसतो. मी डिपार्टमेंटच्या ऑफिसात बसतो, हे फॉर्म माझ्या टेबलावरून जातात, त्यामुळे कोण कुठे अडकतं ते रोज दिसतं. सही करायला कुणालाच वेळ लागत नाही हो. सही करणारा आधी रजिस्टर उघडतो किंवा स्क्रीनवर तुमचा नंबर टाकतो, आणि तिथे तुमच्या नावावर काहीतरी उघडं दिसलं की फॉर्म परत येतो. ती नोंद बंद करायलाच दिवस जातात, कारण ती बंद करणारा माणूस वेगळा, त्याची वेळ वेगळी, आणि कधी कधी ती वस्तू भलत्याच कुणाकडे असते.

आधी तुमच्याकडे काय अडवतात ते नोटीशीत नीट वाचून घ्या. काही ठिकाणी नो ड्यूज नसेल तर निकालच राखून ठेवतात, म्हणजे बाकी सगळ्यांचा दिसतो आणि तुमच्या नावापुढे 'विथहेल्ड'. काही ठिकाणी निकाल दिसतो पण मार्कशीट, ट्रान्सफर सर्टिफिकेट, जमा केलेली ओरिजिनल कागदपत्रं हातात देत नाहीत. पहिल्या प्रकारात तारीख फार महत्त्वाची, कारण एक्झाम सेक्शन ठरलेल्या दिवशी थकबाकीवाल्यांची यादी मागवून घेतं आणि त्या यादीत नाव गेलं की दुसऱ्या दिवशी सगळ्या सह्या आणल्या तरी नाव आपोआप निघत नाही. म्हणून नोटीशीतली फॉर्म जमा करायची शेवटची तारीख आणि ही यादी बंद व्हायची तारीख, दोन्ही विचारा. त्या बऱ्याचदा वेगळ्या असतात.

## टप्पा १: फॉर्म न घेता एक चौकशीची फेरी मारा

ही फेरी शेवटच्या पेपरच्या महिनाभर आधी मारायची. सही मागायची नाही, फक्त एकच विचारायचं: "माझ्या नावावर काय दिसतंय?" लायब्ररी, प्रत्येक लॅब, हॉस्टेल ऑफिस, अकाउंट्स, सगळीकडे हेच. जे सांगतील ते तिथेच लिहून घ्या, पुस्तकाचा नंबर, वस्तूचं नाव, रक्कम, कुठल्या वर्षाची नोंद आहे, सगळं.

लायब्ररीचं आणि फीचं बऱ्याच ठिकाणी लॉगिन करून घरबसल्या दिसतं, ते बघा, स्क्रीनशॉट घ्या. पण लॅबचं मात्र अजूनही खूप ठिकाणी कागदी रजिस्टरच असतं आणि ते लॅब असिस्टंटच्या कपाटात असतं, तिथे स्वतः जाऊनच बघावं लागतं. अंतिम वर्षाची मुलं फक्त या सेमिस्टरच्या लॅब बघतात, पहिल्या वर्षाची केमिस्ट्रीची लॅब, वर्कशॉप, दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलसाठी घेतलेलं काहीतरी, हे कुणाच्या डोक्यातच नसतं. रजिस्टर मात्र विसरत नाही. फुटलेल्या बीकरची नोंद तीन वर्षांनी सुद्धा तशीच उघडी असते, कारण तेव्हा भरपाई भरली पण पावती दाखवून नोंदीवर रेघ मारून घेतली नाही.

अजून एक म्हणजे ग्रुपच्या वस्तू. प्रोजेक्टसाठी चौघांनी मिळून बोर्ड, सेन्सर, कॅमेरा असं काही घेतलं असेल तर ते एकाच्या नावावर चढलेलं असतं. बाकी तिघांना वाटतं आपलं साफ आहे. पण बऱ्याच लॅबमध्ये ग्रुपमधल्या सगळ्यांची नावं शेऱ्यात लिहिलेली असतात आणि वस्तू आली नाही की चौघांचीही सही थांबते. तेव्हा वस्तू नेमकी कुणाच्या खोलीत आहे ते आत्ताच शोधा, सगळे गावी गेल्यावर ते शोधणं म्हणजे निव्वळ डोकेदुखी.

तपासा: या फेरीनंतर तुमच्याकडे एक कागद असायला हवा ज्यावर प्रत्येक ठिकाणापुढे "काही नाही" किंवा "हे बाकी आहे" असं लिहिलेलं आहे. "बहुतेक काही नसेल" असं एकही ठिकाण ठेवू नका.

## टप्पा २: छापील क्रम बाजूला ठेवा, स्वतःचा क्रम लावा

फॉर्मवर रकाने ज्या क्रमाने छापलेत त्याच क्रमाने फिरायचं असं कुणी सांगितलेलं नसतं, तरी सगळे तसेच फिरतात. क्रम लावताना एवढंच बघायचं की कुठलं खातं आता बंदच आहे आणि कुठलं अजून चालू आहे. जुन्या लॅब, जिमखाना, वर्कशॉप यांची खाती बंद आहेत, तिथे तुमच्या नावावर आता नवीन काही चढणार नाही, तिथल्या सह्या सगळ्यात आधी उरकून घ्या. लायब्ररी चालू खातं आहे, कारण व्हायवापर्यंत पुस्तकं लागतात. हॉस्टेल आणि मेस तर तुम्ही बाहेर पडेपर्यंत रोज वाढतंय. आणि अकाउंट्स सगळ्यात शेवटी, कारण लायब्ररीचा दंड, लॅबची भरपाई, हॉस्टेलचं लाईटबिल हे सगळं तिथेच येऊन पडतं. अकाउंट्सची सही आधी घेतली आणि मग लायब्ररीने दंड लावला तर ती सही तिथल्या तिथे निरुपयोगी होते आणि परत जावं लागतं.

म्हणजे साधारण क्रम असा: जुन्या लॅब आणि जिमखाना, मग चालू लॅब आणि प्रोजेक्ट, मग लायब्ररी, मग हॉस्टेल, मग अकाउंट्स. विभागप्रमुखांची सही फॉर्मवर सगळ्यात वर असली तरी बहुतेक जण खालच्या लॅबच्या सह्या बघितल्याशिवाय ती देत नाहीत, आणि काही ठिकाणी तर लायब्ररीची सही सुद्धा आधी मागतात. ते आमच्यासारख्या ऑफिसातल्या माणसाला आधी विचारून घ्या.

ऑनलाइन अर्ज असेल तर तो दोन प्रकारे फिरतो. एक, अर्ज एकाच वेळी सगळ्यांकडे जातो. दोन, एकाने मंजूर केल्यावरच पुढच्याकडे जातो. दुसऱ्या प्रकारात पहिल्या पायरीवर आठवडा गेला तर बाकीच्यांना तुमचा अर्ज दिसतच नाही, आणि तुम्ही लायब्ररीत जाऊन "माझं मंजूर करा" म्हणत बसता आणि ते म्हणतात "आमच्याकडे आलंच नाही", दोघंही खरं बोलत असतात.

एक उदाहरण तारखांसकट बघू म्हणजे लक्षात येईल. समजा एका मुलीची लेखी परीक्षा 12 तारखेला संपते, प्रोजेक्टची व्हायवा 18 ला आहे, हॉस्टेल 25 पर्यंत रिकामं करायचंय आणि एक्झाम सेक्शन 30 ला यादी बंद करतं. तिच्याकडे लायब्ररीची 3 पुस्तकं आहेत, त्यातलं 1 व्हायवाला लागणार, ग्रुपचा एक सेन्सर किट आहे जो मित्राच्या नावावर चढलाय, आणि दुसऱ्या वर्षीच्या लॅबमध्ये तिच्या नावावर एक मल्टिमीटर दिसतोय जो तिने कधीच परत दिला होता.

ती छापील क्रमाने गेली तर 13 ला लायब्ररीत जाईल, तिथे पुस्तक परत करा म्हणतील आणि ते तर तिला 18 ला हवंय. मग हॉस्टेल, तिथे खोली रिकामी करा म्हणतील आणि व्हायवा बाकी आहे म्हणून तेही जमणार नाही. दोन्हीकडून हात हलवत परत. आणि मल्टिमीटरचं तिला 20 नंतर कळेल जेव्हा लॅब असिस्टंट सुट्टीवर गेलेला असेल.

आता उलटं करू. परीक्षेआधीच चौकशीची फेरी झालीये, त्यामुळे मल्टिमीटरचा घोळ तिला माहितीये, ती मधल्या सुट्टीच्या दिवशी जाऊन स्टोअरमध्ये तो मल्टिमीटर त्याच्या सिरियल नंबरसकट दाखवते आणि नोंद बंद करून घेते. 13 आणि 14 ला जुन्या लॅब आणि जिमखाना. त्याच फेरीत न लागणारी 2 पुस्तकं परत, आणि मेसला 24 तारखेपासून बंद करा असा अर्ज. 18 ला व्हायवा झाली की तिथूनच किट जमा, कारण मित्रही त्या दिवशी कॅम्पसवर आहे. 19 ला तिसरं पुस्तक आणि लायब्ररीची सही, मग विभागप्रमुख. 23 ला खोलीची तपासणी, 24 ला चावी आणि मेसचं अंतिम बिल, त्याच दिवशी किंवा 25 ला अकाउंट्स. 30 पर्यंत 5 दिवस हातात राहतात आणि ते लागतातच, कारण कुणी ना कुणी रजेवर असतंच.

सावध: शनिवार-रविवार आणि सुट्ट्या आधी कॅलेंडरवर मारून मग दिवस मोजा. परीक्षेनंतर स्टाफच्या रजा सुरू होतात, एखाद्या लॅबचा एकच माणूस सही करणारा असेल तर तो कधी नाही आणि त्याच्या जागी कोण, हे आधीच विचारा.

## टप्पा ३: डिपार्टमेंट आणि लॅब

लॅबमध्ये सहीचा जिना असतो: आधी लॅब असिस्टंट, मग लॅब इन्चार्ज, मग प्रोजेक्ट गाईड, शेवटी विभागप्रमुख. एकदम विभागप्रमुखांच्या केबिनबाहेर उभं राहून काही होत नाही, ते खाली पाठवतातच. खरा माणूस लॅब असिस्टंट, कारण रजिस्टर त्याच्याकडे आहे.

वस्तू परत करताना ती जशी घेतली तशी, म्हणजे केबल, अडॅप्टर, बॉक्स, सगळ्यासकट. मुलं बोर्ड आणून देतात आणि केबल हॉस्टेलवर राहिलेली असते, मग नोंद अर्धवट बंद होते आणि शेऱ्यात "केबल बाकी" पडतं. रजिस्टरमध्ये परतीच्या रकान्यात तारीख आणि असिस्टंटची छोटी सही पडली का ते तिथेच उभं राहून बघा आणि शक्य असेल तर विचारून त्या ओळीचा फोटो घ्या. "ठेव तिकडे, मी नंतर लिहितो" यावर निघून जाऊ नका, तो माणूस वाईट नसतो पण त्या दिवशी त्याच्याकडे अजून पन्नास जण वस्तू ठेवून गेलेले असतात.

वस्तू हरवली किंवा बिघडली असेल तर बाजारातून स्वतःच्या मनाने नवीन आणू नका. आधी इन्चार्जना विचारा की तेच मॉडेल हवं, त्याच क्षमतेचं दुसरं चालेल, की पैसे भरायचे. वस्तू आणायची ठरली तर बिल लागतं, कारण स्टॉक रजिस्टरमध्ये जुनी वस्तू काढून नवी चढवायला त्यांना कागद हवा असतो. न विचारता आणलेलं स्वस्त मॉडेल तुमच्याकडेच पडून राहतं आणि पैसे दोनदा जातात.

डिपार्टमेंटची स्वतःची छोटी लायब्ररी असते ती वेगळी, मुख्य लायब्ररीच्या स्क्रीनवर ती पुस्तकं दिसत नाहीत. सीनियरकडून परस्पर घेतलेलं पुस्तक, जुने प्रोजेक्ट रिपोर्ट बघायला घेतलेले, हे सगळं त्यात येतं. आणि प्रोजेक्ट रिपोर्टच्या बांधलेल्या प्रती किती, कुठे, सॉफ्ट कॉपी कुठल्या स्वरूपात, हे गाईडच्या सहीआधी लागतं. रिपोर्टवर गाईडची सही आणि बाईंडिंग यातच दोन-तीन दिवस जातात, ते धरून चला.

तपासा: ग्रुपमधल्या प्रत्येकाला विचारा की त्याच्या नावावर काय आहे. तुमचं रजिस्टर साफ असेल पण ग्रुपचं नसेल तर विभागप्रमुखांकडे अडकाल.

## टप्पा ४: लायब्ररी

इथे सगळ्यात जास्त भांडणं होतात आणि त्यातली निम्मी एका गोष्टीवरून: पुस्तक परत दिलं, पण सिस्टिममध्ये परत आलेलं नाही. ड्रॉप बॉक्समध्ये टाकलेलं असतं, किंवा गर्दीत काउंटरवर ठेवून गेलेलं असतं, किंवा मित्राकडे दिलेलं असतं आणि त्याने ते थेट रॅकवर नेऊन ठेवलं. पुस्तक लायब्ररीतच आहे, पण तुमच्या नावावर आहे, आणि दंड रोज वाढतोय.

अशा वेळी काउंटरवर जाऊन "मी दिलंय, बघा" म्हणण्यापेक्षा ॲक्सेशन नंबर घेऊन जा. हा नंबर प्रत्येक प्रतीचा वेगळा असतो, पुस्तकाच्या पहिल्या पानांवर शिक्क्यात लिहिलेला किंवा बारकोडखाली छापलेला असतो आणि तुमच्या लायब्ररीच्या लॉगिनमध्येही त्या पुस्तकासमोर दिसतो. मुलं आयएसबीएन लिहून आणतात किंवा पुस्तकाच्या कण्यावर चिकटवलेला नंबर आणतात. आयएसबीएन त्या आवृत्तीच्या सगळ्या प्रतींना एकच असतो, आणि कण्यावरचा कॉल नंबर पुस्तक रॅकवर कुठे ठेवायचं ते सांगतो, त्या नंबरच्या पाच प्रती शेजारी शेजारी उभ्या असू शकतात. त्यातली तुमच्या नावावरची कुठली ते फक्त ॲक्सेशन नंबरवरून कळतं. तो घेऊन रॅकवर जा, पुस्तक सापडलं तर काउंटरवर आणून स्कॅन करून घ्या, अर्ध्या तासात विषय संपतो.

नसेल सापडत तर लेखी अर्ज द्या, तोंडी नको. अर्ज एवढाच पुरतो:

> प्रति, ग्रंथपाल.
> विषय: परत केलेल्या पुस्तकाची नोंद माझ्या खात्यावर दिसत असल्याबाबत.
> माझा नोंदणी क्रमांक …, अंतिम सेमिस्टर, शाखा …. पुस्तकाचे नाव …, ॲक्सेशन नंबर …. हे पुस्तक मी … तारखेला काउंटरवर / ड्रॉप बॉक्समध्ये परत केले होते, पण माझ्या खात्यावर ते अजून बाकी दिसते. कृपया रॅकवर व परतीच्या नोंदीत शोध घ्यावा आणि शोध होईपर्यंत दंड थांबवावा ही विनंती. नो ड्यूजची शेवटची तारीख … आहे.
> सही, तारीख, मोबाइल नंबर.

यातलं दंड थांबवायचं वाक्य आणि शेवटची तारीख मुलं हमखास विसरतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

पुस्तक खरंच हरवलं असेल तर लवकर कबूल करा, कारण बऱ्याच ठिकाणी हरवल्याची नोंद होईपर्यंत उशिराचा दंड चालूच राहतो. मग नवीन प्रत द्यायची की किंमत भरायची हे लायब्ररीचा नियम ठरवतो. प्रत द्यायची असेल तर तीच आवृत्ती किंवा त्याच्या पुढची मागतात, जुनी आवृत्ती किंवा झेरॉक्स बांधून आणली तर घेत नाहीत.

सगळी पुस्तकं परत झाली तरी बुक बँकेची पुस्तकं, वाचनकक्षाचं कार्ड, लॉकरची चावी हे वेगळं विचारा. आणि लक्षात ठेवा, लायब्ररीने नो ड्यूज दिलं की तुमचं सभासदत्व तिथेच बंद होतं, नंतर पुस्तक मिळत नाही, ऑनलाइन जर्नल वगैरेचं लॉगिनही काही ठिकाणी लगेच जातं. म्हणून व्हायवाच्या आधी घाई नको. उलट बाजूनेही तेच, सही घेतल्यावर मित्राच्या कार्डावर पुस्तक घेऊ नका, तो अडकेल.

तपासा: सही घेण्याआधी लॉगिनमध्ये बाकी पुस्तकं शून्य आणि दंडही शून्य, दोन्ही दिसायला हवं. पुस्तकं शून्य असून दंड उरलेला असतो हे खूपदा होतं.

## टप्पा ५: हॉस्टेल आणि मेस

हॉस्टेलची सही म्हणजे खोलीची तपासणी, मीटर, मेस आणि चावी, चार गोष्टी मिळून. खोली मिळाली तेव्हा एक यादी भरून घेतली होती, कॉट, गादी, टेबल, खुर्ची, पंखा, ट्यूब, कपाटाची चावी. ती यादी हॉस्टेल ऑफिसमधून मागून घ्या आणि तपासणीच्या दोन दिवस आधी स्वतः खोलीत फिरून जुळवा. मधल्या काळात खुर्च्या इकडच्या तिकडे होतातच, तुमची खुर्ची शेजारच्या खोलीत आणि त्यांची गच्चीवर, हे तपासणीआधी निस्तरता येतं, नंतर त्याचे पैसे लागतात. वर्षाच्या मध्ये खोली बदलली असेल तर जुन्या खोलीचा ताबा तुमच्या नावावरून निघालाय का ते आवर्जून बघा, नाहीतर तिथे आता राहणाऱ्याने फोडलेली काच तुमच्या नावावर येते.

रूममेट असतील तर नुकसान साधारण सगळ्यांत वाटतात. जो आधी निघून जातो तो सुटतो असं वाटतं पण तसं नाही, आणि जो शेवटी राहतो त्याच्याच गळ्यात सगळं पडू शकतं. शक्यतो एकाच दिवशी तपासणी करून घ्या. जमत नसेल तर आधी जाणाऱ्याने केअरटेकरकडून आपल्या बाजूची कॉट, टेबल, कपाट तपासून सही घ्यावी आणि खोलीचे फोटो तारखेसकट काढून ठेवावेत.

मेसचं बिल महिना संपल्यावर बनतं, हीच मोठी अडचण. तुम्ही 24 ला निघालात तर ते म्हणतात बिल पुढच्या महिन्यात तयार होईल, आणि तुमची यादी तर 30 ला बंद होते. म्हणून निघायच्या किमान आठवडाभर आधी मेस बंद करण्याचा अर्ज द्या, त्यात तारीख स्पष्ट लिहा आणि त्या तारखेपर्यंतचं अंतिम बिल मागा. परीक्षेच्या काळात सुट्टीची सूट घेतली असेल तर तिचा मंजूर अर्ज सोबत जोडा, नाहीतर पूर्ण दिवसांचं बिल लागतं आणि मग दुरुस्ती करत बसा.

चावी मित्राकडे देऊन गाडी पकडणं हा दरवर्षीचा प्रकार. चावी जमा झाल्याची पावती किंवा रजिस्टरमध्ये सही तुमच्या समोर झाली नाही तर खोली कागदावर तुमच्याच ताब्यात आहे, आणि काही ठिकाणी त्याचं भाडंही चालू राहतं.

जे हॉस्टेलला राहतच नाहीत त्यांनी तो रकाना रिकामा सोडू नये. बहुतेक ठिकाणी "लागू नाही" असा शेरा हॉस्टेल ऑफिसनेच मारावा लागतो, तुम्ही स्वतः लिहिलेलं चालत नाही. आणि पहिल्या वर्षी राहून नंतर सोडलं असेल तर तुम्ही "लागू नाही" मध्ये येत नाही, त्या वर्षाचा हिशोब बघूनच सही होते.

सावध: सामान हलवायच्या दिवशी तपासणी ठेवू नका. आदल्या दिवशी ठेवा. काही निघालं तर दुरुस्त करायला एक दिवस तरी हवा.

## टप्पा ६: अकाउंट्स

इथे येताना दंडाच्या आणि भरपाईच्या सगळ्या पावत्या हातात हव्यात. ऑनलाइन भरलेले पैसे बँकेतून गेले म्हणजे संस्थेच्या लेजरवर चढले असं नाही, मध्ये एक-दोन कामाचे दिवस जाऊ शकतात. ट्रान्झॅक्शन नंबर, तारीख, रक्कम, कशासाठी भरले, एवढं असलं की क्लार्कला शोधता येतं. नुसता "पेमेंट सक्सेसफुल"चा स्क्रीनशॉट ज्यात नंबरच कापला गेलाय, तो काही कामाचा नाही. पैसे कापले गेले पण पावती आली नाही तर घाईत दुसऱ्यांदा भरू नका, आधी लेजर बघायला लावा.

स्कॉलरशिपवाल्यांचं वेगळं. फीचा जो भाग स्कॉलरशिपमधून येणार असतो तो आला नसेल तर तुमच्या नावावर थकबाकी दिसते. तुम्ही काही चुकवलेलं नसतं, पण सही करणाऱ्याला आकडा दिसतो. स्कॉलरशिप विभागाकडून अर्ज मंजूर आहे आणि रक्कम यायची आहे असं लेखी घ्या आणि ते अकाउंट्सला जोडा. काही ठिकाणी यावर सही होते, काही ठिकाणी हमीपत्र लिहून घेतात. काय करतात ते चौकशीच्या फेरीतच विचारून ठेवा, कारण हे पत्र मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

"बाकी माझ्या डिपॉझिटमधून कापा" असं तोंडी सांगून चालत नाही. जिथे ही सोय आहे तिथे वेगळा अर्ज असतो आणि कापून झाल्यावरच खातं शून्य होतं. उरलेल्या डिपॉझिटसाठी बँकेचा तपशील भरताना खातं स्वतःच्या नावावरचं आणि चालू असलेलं द्या, वर्षानुवर्षं न वापरलेल्या खात्यावर पैसे परत फिरतात आणि मग तुम्ही दुसऱ्या शहरातून फोन करत बसता.

## टप्पा ७: फॉर्म जमा आणि मागोवा

कागदी फॉर्म असेल तर जमा करण्याआधी पूर्ण फॉर्मचा फोटो किंवा झेरॉक्स. प्रत्येक सहीखाली तारीख आणि शिक्का आहे का बघा, शिक्का नसलेली एक सही म्हणजे परत सगळ्यात लांबच्या बिल्डिंगची फेरी. खाडाखोड झाली असेल तर त्याच माणसाची तिथे छोटी सही हवी. नाव मार्कशीटवर जसं आहे तसंच लिहा.

ऑनलाइन असेल तर नुसतं पेंडिंग बघत बसू नका. तीन कामाचे दिवस हललं नाही तर अर्ज कुणाच्या लॉगिनवर पडलाय ते ऑफिसला विचारा, बदली झालेल्या किंवा रजेवर गेलेल्या माणसाच्या लॉगिनवर पडून असलेले अर्ज मी दरवर्षी बघतो आणि ते वरून दुसऱ्याकडे वळवावे लागतात. अर्ज नाकारला गेला तर शेरा उघडून वाचा, त्यात नेमकं काय बाकी आहे ते लिहिलेलं असतं. शेरा न वाचता पुन्हा तोच अर्ज टाकणारे बरेच आहेत, आणि काही सिस्टिममध्ये नव्याने अर्ज टाकला की आधी मिळालेल्या मंजुऱ्याही पुन्हा शून्यापासून सुरू होतात.

## टप्पा ८: सगळं देऊनही निकाल अडकला तर

निकालाच्या दिवशी नावापुढे विथहेल्ड दिसलं तर आधी कारण बघा. नो ड्यूज सोडून इतर कारणंही असतात, जुना विषय राहिलेला, इंटर्नल मार्क न पोचलेले, परीक्षा फॉर्ममध्ये चूक. ती असतील तर नो ड्यूजच्या खिडकीवर भांडून उपयोग नाही.

कारण थकबाकीच असेल आणि तुमच्याकडे पूर्ण फॉर्मची प्रत असेल, तर बहुतेक वेळा यादी आधी गेली आणि तुमची मंजुरी नंतर झाली असं असतं. अशा वेळी थेट एक्झाम सेक्शनला जाऊ नका, तिथले लोक डिपार्टमेंटने किंवा अकाउंट्सने पाठवलेल्या यादीवरच चालतात आणि तुमच्या हातातल्या झेरॉक्सवर नाव काढत नाहीत. ज्या विभागाने नाव पाठवलं त्यांच्याकडे फॉर्मची प्रत घेऊन जा आणि "थकबाकी पूर्ण झाली, निकाल खुला करावा" असं पत्र किंवा मेल त्यांच्याकडून एक्झाम सेक्शनला जायला लावा. मेलमध्ये तुमचा नोंदणी क्रमांक आणि सीट नंबर दोन्ही हवेत, कारण आपल्याकडे नोंदणी क्रमांकाने शोधतात आणि एक्झाम सेक्शनमध्ये सीट नंबरने. मेलची प्रत तुम्हालाही पाठवायला सांगा, आणि दुसऱ्या दिवशी ती प्रत घेऊन मग एक्झाम सेक्शनच्या खिडकीवर उभे राहा.